600 फुटांच्या घराला माल किती लागेल? मिस्त्रीचा हिशोब बरोबर आहे का?

परभणीकर_पाटील: गावाकडे 20 × 30 चं घर बांधायचंय. तळमजलाच, वर स्लॅब. पिलर उभे करून, बाहेरच्या भिंती 9 इंची, आतल्या 4 इंची. जमीन काळी. बजेट 9 लाख, त्यापुढे एक रुपया नाही. मिस्त्रीनं तोंडी हिशोब सांगितला : फुटाला सिमेंट 0.4 गोणी, स्टील 4 किलो, विटा 8. म्हणजे 240 गोण्या, 2,400 किलो, 4,800 विटा. एवढाच माल एकदम मागवू का?

हौशी_घरमालक: एकदम बिलकुल नको! मी मे महिन्यात 200 गोण्या टाकल्या. पावसात मजूर गावाला गेले. दिवाळीला पोतं उघडलं तर खालच्या थरातल्या गोण्यांचे दगड झाले होते. 30 तरी फेकल्या. आणि 600 फुटांत काय होतंय, 900 चं बांधा.

साईट_सुपरवायझर: सिमेंट आणि स्टीलचा आकडा अंदाजाला ठीक. स्लॅब पडताळून बघा. 600 फूट, 5 इंच जाडी, म्हणजे 250 घनफूट, साधारण 7 घनमीटर. एम-20 काँक्रीटला घनमीटरमागे 8 गोण्या, म्हणजे 57 च्या आसपास. उरलेल्या फुटिंग, पिलर, बीम, बांधकाम आणि गिलाव्यात जातात.

विटांचा आकडा मात्र तुमच्या घराचा नाही. वीट भिंतीला लागते, फरशीला नाही. बाहेरची भिंत 100 फूट लांब, 10 फूट उंच, पाऊण फूट जाड, म्हणजे 750 घनफूट. दारं-खिडक्यांचे 100 वजा करा. 9 × 4 × 3 ची वीट मालासकट घनफुटाला साडेअकरा बसते, म्हणजे 7,500. आतली 50 फूट भिंत धरा, दारं सोडून 1,900. गच्चीचा कठडा 3 फुटी, 4 इंची, आणखी 1,300. पिलर-बीमची जागा थोडी कमी होईल, पण तुटफूट तेवढीच खाईल. 10,700 ची तयारी ठेवा.

परभणीकर_पाटील: म्हणजे दुप्पट?? मिस्त्री म्हणतो वीस वर्षं हाच हिशोब आहे.

साईट_सुपरवायझर: त्याचा हिशोब खोटा नाही. तो बाहेरूनही 4 इंची भिंत बांधत असणार. तशी धरली तर कठडा सोडून 5,600 च्या आसपास येतात.

रत्नागिरी_चिरेबंदी: विटा कशाला? आमच्याकडं जांभा चिरा, एकदा लावला की गिलावा पण नको.

हौशी_घरमालक: परभणीत चिरा? भाडंच विटांपेक्षा जास्त होईल. त्यापेक्षा एएसी ब्लॉक घ्या, भिंत हलकी होते.

लातूरचा_भाऊ: ब्लॉकला तडे जातात. आमच्याकडं गेलेत.

साईट_सुपरवायझर: कशानं गेले ते न बघता ब्लॉकला दोष देऊ नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फुटिंग तिच्यातच ठेवली तर विटांनाही तडे जातील.

लातूरचा_भाऊ: तेच सांगतोय ना, काळी जमीन म्हणजे स्टील 6 किलो धरा. सिमेंटही दीडपट.

साईट_सुपरवायझर: सरसकट नाही. आधी दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या. 3 फुटांवर मुरूम लागला तर वाढ किरकोळ. 7 फुटांवर लागला तर खोदाई, पिलरची लांबी, स्टील सगळं वाढेल, आणि ते फुटामागच्या आकड्यात दिसत नाही. स्टीलचा शेवटचा आकडा ड्रॉइंगवरूनच घ्या.

आणखी एक. जोत्याचं भरण कुणी धरलंय? आतली जागा 550 फूट, जोतं अडीच फूट, म्हणजे 1,375 घनफूट. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून 17-18 ब्रास सांगा. निघालेली काळी माती आत टाकू नका, फरशी उचलते.

जिजाई_78: ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण ट्रॉली स्वतः मोजा! आमच्या दारात "एक ब्रास" म्हणून आलेली ट्रॉली टेपनं मोजली, 9 फूट × साडेपाच × पावणेदोन. 87 सुद्धा भरली नाही. ड्रायव्हर म्हणाला, वर ढीग आहे ना ताई. ढीग रस्त्यातच सांडला होता.

हौशी_घरमालक: सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड धरलंय का? माझ्या इंजिनिअरनं नव्हतं धरलं. 9 लाखांत होत नाही, सांगून ठेवतो.

परभणीकर_पाटील: टाकी नंतर. काल खड्डा घेतला, साडेचार फुटांवर मुरूम लागला. ड्रॉइंग करायला दिलंय. सिमेंट 60 गोण्याच आणतो, फुटिंगपुरत्या. विटा मात्र 10,000 एकदम घेतोय. मामाची भट्टी आहे, पैसे सोयाबीन निघाल्यावर द्यायचेत.

साईट_सुपरवायझर: आधी भट्टीवरच्या दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत आवाज यायला पाहिजे.

परभणीकर_पाटील: मामाला कसं म्हणू, आपटून दाखव?

रत्नागिरी_चिरेबंदी: चिऱ्याचा भाव तरी विचारला का?