नेत्रावळीच्या ट्रेकला लाइव्ह लोकेशन कुणाला दाखवायचं?

वृषाली (सध्या मडगाव)

नमस्कार मंडळी,

सुट्टीत गोव्याला आलेले आपण चौदा जण रविवारी नेत्रावळीला मैनापी धबधब्यापर्यंत चालत जाणार आहोत. सुहासदादांचा निरोप आलाय की निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळ्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं. कोणी मागे राहिलं तर कळेल, आणि लीड्सला घरच्यांनाही दिसेल.

त्या ग्रुपमध्ये दोनशेच्या आसपास माणसं आहेत, निम्म्यांना मी कधी भेटलेही नाही. बरोबर चौदा वर्षांची सई आहे. आम्ही सासूबाईंच्या घरून निघणार आणि तिथेच परतणार. हे कितपत सुरक्षित आहे? आणि एकदा चालू केलेलं खरोखर बंद कसं करतात?

वृषाली

अनिकेत (लीड्स)

वृषाली, एवढं घाबरू नकोस. नेत्रावळीच्या रानात नेटवर्कच नाही, म्हणजे जीपीएसही चालणार नाही. कोणाला काही दिसणारच नाही. आणि बंद करायचं तर फोनचं लोकेशन बंद कर, झालं काम.

श्रीकांत (फोंडा)

वृषाली, अनिकेत,

अनिकेतचं अर्धं बरोबर आहे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल नुसते ऐकतो आणि आपली जागा काढतो, त्यामुळे आधी उतरवून ठेवलेला नकाशा रानातही चालतो. नेटवर्क लागतं ते ती जागा दुसऱ्याला कळवायला. म्हणून नेटवर्क गेलं की तुमचा ठिपका नकाशावरून नाहीसा होत नाही, शेवटच्या जागी गोठून राहतो.

याचा अनुभव आम्ही घेतलाय. दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर आम्ही नऊ जण होतो. भावाने त्याच्या बायकोला लोकेशन पाठवलं होतं, ती इंग्लंडला. सकाळी 10:40 ला गाव सोडल्यावर नेटवर्क गेलं. ती तिकडच्या आठ वाजता उठली, म्हणजे आपले दीड, आणि ठिपका अजून गावाबाहेरच्या वळणावरच. तीन तास माणूस एका जागी म्हणजे पडला असणार, असं तिला वाटलं. आम्ही तेव्हा धबधब्याजवळ भाकरी खात होतो. अडीचला नेटवर्कमध्ये आलो तेव्हा तिचे एकवीस कॉल दिसले. ठिपक्याखाली शेवटचं अपडेट किती वेळापूर्वीचं ते लिहिलेलं असतं. ते आधी वाचायचं, हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं.

मुदतीचंही तसंच. व्हॉट्सॲप पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढेच पर्याय देतं. मडगावहून सकाळी सातला चालू केलंत तर दुपारी तीनला संपेल, नेमकं तुम्ही थकून उतरत असताना. नऊला वन खात्याच्या नाक्यावर चालू केलंत तर पाचपर्यंत पुरेल. शिवाय घर त्यात येतच नाही. लोकेशन थांबवल्यावरही चॅटमध्ये नकाशाचं एक स्थिर चित्र उरतं, आणि त्यावरून अंदाजे जागा उघडता येते. म्हणून घरी चालू करू नका आणि घरी पोचेपर्यंत चालूही ठेवू नका. रविवारी संध्याकाळी तो मेसेज सर्वांसाठी डिलीट करून टाका.

दोनशे जणांच्या ग्रुपवर अजिबात नको. त्या सगळ्यांना तुम्ही कुठे आहात ते दिसेल, आणि लीड्सच्या घरी तुम्ही नाही हेही आपोआप कळेल. ट्रेकचे चौदा आणि बाहेर थांबणारी दोन माणसं, एवढ्यांचाच वेगळा ग्रुप करा. त्यातही चौदा ठिपके नकोत. एक पुढचा फोन, एक सगळ्यांच्या मागे चालणाऱ्याचा. दोन्हीत इथलं सिम हवं. तिकडचं सिम असेल आणि रोमिंगचा डेटा बंद असेल तर वायफाय सुटल्यावर ठिपका हलणारच नाही. बाकीच्यांनी फोन एअरप्लेन मोडवर ठेवावेत. अशक्त नेटवर्क शोधत राहिलेला फोन बॅटरी फार खातो.

आता बंद करणं. अनिकेत, फोनचं लोकेशन बंद केलं की अपडेट थांबतात, पण शेअर केलेलं मुदत संपेपर्यंत तसंच राहतं. परतीच्या गाडीत कोणी नकाशासाठी लोकेशन पुन्हा चालू केलं की ठिपका पुन्हा पळायला लागतो. म्हणून त्या चॅटमध्ये जाऊन `Stop sharing` दाबायचं. मग व्हॉट्सॲपच्याच `Settings` → `Privacy` → `Live location` मध्ये जाऊन बघायचं. तुमचं लोकेशन जिथे जिथे चालू आहे त्या सगळ्या चॅटची यादी तिथे दिसते. ती रिकामी असेल तरच खरं बंद. आयफोनवर ॲपला `Always` परवानगी दिली असेल तर तीही बदलून ठेवा.

देव बरें करूं.
श्रीकांत

मीनाकाकी (म्हापसा)

श्रीकांत, मी तुझ्या सांगण्याप्रमाणे व्हॉट्सॲप उघडून पाहिलं, यादी रिकामी आहे. तरी सुनेला मी कुठे आहे ते कळतं! परवा म्हापशाच्या बाजारात होते तर तिचा लीड्सहून फोन, "आई, इतक्या उन्हात बाजारात कशाला?" दोन वर्षांपूर्वी हंपीला गेलो तेव्हा मुलाने काहीतरी लावून दिलं होतं. ट्रेकला मी येत नाही, पण माझं कसं बंद करू?

श्रीकांत

काकी, ते व्हॉट्सॲप नाही, गूगल मॅप्स असणार. तिथे `Until you turn this off` असा पर्याय असतो आणि तो निवडला की मुदतच नसते. मॅप्स उघडा, वर तुमचा फोटो आहे त्यावर दाबा, `Location sharing` मध्ये जा. सुनेचं नाव दिसेल, त्यावर दाबून `Stop`. तिला तिथे तुमच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसत असेल. बंद करण्याआधी तिला एक फोन करा मात्र. ठिपका अचानक गेला तर ती घाबरेल.

मीनाकाकी

नाव सापडलं. फोन केला. ती म्हणाली, राहू द्या ना आई, मला बरं वाटतं. आता मला कळत नाही बंद करू की नको. तूर्त ठेवलंय.

सुहास (पणजी)

श्रीकांतदादा, वेगळ्या ग्रुपचं पटलं, आजच करतो. दोनच फोनचं मात्र मला पटत नाही. मागच्या वेळी ओढ्याजवळ चार जण मधूनच वेगळ्या वाटेला लागले. पुढचा आणि मागचा, दोन्ही ठिपके अगदी बरोबर जागी होते. मधले चारच नव्हते.

श्रीकांत

सुहास, त्या ओढ्याजवळ नेटवर्क होतं का? नसेल तर चौदा ठिपक्यांनीही ते चार सापडले नसते, सगळेच गावाबाहेर गोठले असते. तिथे डोकी मोजावी लागतात. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, शेवटचा आल्याशिवाय पुढे जायचं नाही. पण गावाच्या अलीकडे, गाड्या मागेपुढे होतात तिथे, प्रत्येक गाडीत एक ठिपका असावा हे मान्य.

आणि बाहेरच्या दोघांना वेळ ठरवून द्या. ठिपका हलो न हलो, साडेचारपर्यंत "नाक्यावर पोचलो" असा मेसेज आला नाही तर पाचला त्यांनी वन खात्याच्या नाक्यावर विचारायचं, मग 112. म्हणून जाताना नाक्यावर गाड्यांचे नंबर आणि माणसांची संख्या नोंदवून जा.

वृषाली

श्रीकांतदादा, खूप आभार. बाहेरची दोन माणसं म्हणून सासूबाई आणि लीड्सहून अनिकेत, असं ठरवलंय. अनिकेत, आपले साडेचार म्हणजे तुझे सकाळचे अकरा. ठिपक्याखालची वेळ वाचूनच फोन कर.

एक राहिलंच. सईला सांगायला गेले तर ती म्हणाली, तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तिचं लोकेशन एका दुसऱ्या ॲपवर कायम चालू असतं, शाळेत असल्यापासून. लीड्सचं घर, शाळा, आणि आता आजीचं घरही. बंद कर म्हटलं तर म्हणते, सगळ्यांचं चालू आहे, माझं एकटीचं बंद झालं तर त्या विचारतील. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे झालंय का? रविवारच्या आधी तिच्याशी बोलायचंय.