मदत हवी आहे: ग्रीक 'आउतोस' म्हणजे 'तोच' की 'स्वतः'?

अर्धवट_विद्यार्थी
परवा पेपर आहे. आउतोस दिसला की मी 'तोच' लिहितो. सराव परीक्षेत सरांनी दोन ठिकाणी लाल गोल केलेत, तिसरीकडे तेच 'तोच' बरोबर! नियम काय? 'व्याकरणाचं पुस्तक बघा' नको, बघितलंय.

नदीकाठ
वचनं कुठली ते तरी सांगा.

संस्कृतप्रेमी
त्याची काय गरज? आउतोस म्हणजे जोर देऊन 'स्वतः'. आपल्याकडचं 'स एव'.

पारखी
अहो, नव्या करारात तो बहुतेक वेळा नुसता 'त्याला', 'त्याचा' असा येतो. प्रत्येक ठिकाणी जोर दिलात तर वाचणारा दमेल.

अर्धवट_विद्यार्थी
चुकलेली: रोम ८:१६, मत्तय १:२१. बरोबर: १ करिंथ १२:४.

पारखी
मग दोष आपल्या 'च'चा आहे. मराठीत 'तोच आत्मा' म्हणजे मघाचाच, आणि 'तोच तारील' म्हणजे दुसरा कुणी नव्हे. ग्रीक हे दोन अर्थ उपपदाच्या जागेवरून वेगळे करते. करिंथमध्ये 'तॉ आउतॉ प्नेउमा' आहे. 'तॉ' हे उपपद आउतॉच्या आधी आलंय, म्हणून कृपादानं निरनिराळी पण आत्मा एकच. रोममध्ये 'आउतॉ तॉ प्नेउमा'. इथे आउतॉ उपपदाच्या बाहेर आहे, म्हणून आत्मा स्वतः साक्ष देतो. तिथे 'तोच आत्मा' लिहिलंत की अर्थ बदलला.
मत्तयात काय लिहिलं होतं?

अर्धवट_विद्यार्थी
'तोच त्याच लोकांना त्यांच्या पापांपासून तारील.'

पारखी
पहिला 'तोच' ठीक. क्रियापदातच 'तो' असताना आउतोस वेगळा घातलाय, म्हणजे जोर आहे. गोल 'त्याच'वर असणार. 'तॉन लाऑन आउतू' मधला आउतू षष्ठीत आहे, साधा 'त्याचे लोक'.

नदीकाठ
मराठीत तिथे 'आपल्या लोकांना' हवं. 'त्याच्या' म्हटलं तर दुसऱ्याच कुणाचे वाटतात.

संस्कृतप्रेमी
पण बोलतोय देवदूत, योसेफाशी. 'आपल्या' म्हणजे तुझ्या-माझ्या, असंही वाचता येईल की!

नदीकाठ
कर्ता 'तो' असताना कोण तसं वाचेल?

मुक्तवाचक
पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यात हे वचन कसं आहे? कुणाकडे प्रत आहे का? मला विकत हवी आहे.

दूरचा_पाहुणा
पारखी, तुमचा नियम लूक १०:२१ ला लावून बघा. 'एन आउते ते होरा'. उपपदाच्या आधी आउते, पण 'घटकेत स्वतः' काही बसत नाही. 'त्याच घटकेला' असंच म्हणावं लागतं.

पारखी
मान्य. लूकची ती लकबच आहे. त्याच्याकडे 'काय आउतोस'सुद्धा कित्येकदा नुसतं 'आणि तो' असतं, आणि जोर धरायचा की नाही यावर लोक भांडतात.

अर्धवट_विद्यार्थी
म्हणजे पेपरात लूक आला तर काय लिहू?

संस्कृतप्रेमी
'स एव' लिहा.