मदत हवी आहे: फ्लिप टर्न ओपनपेक्षा हळू पडतोय
२०० मीटर फ्रीस्टाइलला २५ मीटरच्या तलावात ७ टर्न येतात, ५० मीटरच्या तलावात ३. भिंतीआधी ५ मीटर ते भिंतीनंतर ५ मीटर अशी वेळ घेतली, तर मुलीचा ओपन टर्न ८.४ सेकंदांचा, फ्लिप ८.६. म्हणजे छोट्या तलावात १.४ सेकंद तोटा, मोठ्यात ०.६.

कारण ढकलण्यातच दिसतं. ती लांबूनच गिरकी घेते, त्यामुळे भिंतीला पाय लागतात तेव्हा गुडघे जवळजवळ सरळ असतात, जोर बसत नाही. ओपनला ५ मीटरवर वर येते, फ्लिपला ३ वरच.

तळाच्या रेषेचा टी भिंतीपासून २ मीटरवर संपतो. त्यापुढे किती हात मारून गिरकी घ्यायला लावावी? आणि तोवर स्पर्धेत ओपन टर्नच ठेवावा का?