मनात नसताना दिलेलं वचन

"पाळायचंच नसेल तर ते वचन कसलं? नुसते शब्दच ना?"

नाही, वचन दिलं गेलंच. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने इथे बोलण्यातल्या बिघाडाचे दोन प्रकार वेगळे केले. अध्यक्ष नसलेल्या कुणी "सभा तहकूब" म्हटलं तर सभा चालूच राहते. अधिकार नाही, म्हणून कृती घडतच नाही. पण "शुक्रवारी पैसे परत देतो" हे पोटात पाप ठेवून म्हटलं, तरी बांधिलकी आली. शुक्रवार उलटल्यावर आपण "शब्द दिलाच नव्हतास" म्हणत नाही, "शब्द फिरवलास" म्हणतो. "माझ्या मनात नव्हतंच" ही सबब तर त्याच्याच अंगाशी येते! रंगमंचावर तेच वाक्य म्हटलं तर मात्र कुणी वसुलीला जात नाही. आणि ऐकणाऱ्याला नकोच असेल, तर "शुक्रवारी घरी येतो" ही चक्क धमकी ठरते.