आयटीआय, डिप्लोमा की डिग्री: घरी लवकर पैसे हवे असतील तर?

नीराकाठ: भाच्याला दहावीला 71 टक्के. बहिणीच्या घरात आता कमावणारं कोणी नाही, दोन-तीन वर्षांत त्याचा हातभार लागायला हवा. पोराला वायरिंगच्या कामाची आवड आहे. पण सगळे म्हणतात की एवढ्या मार्कांवर आयटीआय म्हणजे मार्क वाया घालवणं. डिप्लोमा केला की पुढे डिग्रीही होते, आणि आयटीआयवाल्यांच्या जागा डिप्लोमावाल्याला मिळतातच. बरोबर आहे ना हे?

तारजोड: शेवटचं वाक्य साफ चुकीचं आहे आणि त्या एका वाक्यावर विसंबून दर वर्षी पोरं फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महावितरणच्या विद्युत सहायक भरतीची जाहिरात काढून पात्रतेचा रकाना वाचा. दहावी, आणि विजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, किंवा तारतंत्री म्हणजे वायरमन ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा 80 टक्क्यांनी पास झालेला पोरगा तिथे अपात्र ठरतो. "मी त्याच्यापेक्षा जास्त शिकलोय" हे कोर्टातही टिकलेलं नाही. जम्मू-काश्मीरच्या वीज विभागात टेक्निशियन-3 च्या जागांवर नेमका हाच वाद झाला होता. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलं की जाहिरातीत आयटीआय मागितलं असेल तर डिप्लोमा असला म्हणून आयटीआय आपोआप धरलं जात नाही. दोन्ही वेगळे अभ्यासक्रम आहेत, आणि कोणती पात्रता लावायची हे भरती करणारा ठरवतो. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला आयटीआय किंवा डिप्लोमा दोन्ही चालतं, कारण तिथे जाहिरातीतच तसं लिहिलेलं असतं.

आता तुमच्या भाच्याचं गणित. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. त्यानंतर एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान 7000 ठरवले होते, डिप्लोमावाल्याला 8000. म्हणजे पोराच्या हातात ठरलेली रक्कम तिसऱ्या वर्षात यायला लागेल. मधली दोन वर्षं आयटीआयची शिफ्ट सांभाळून उरलेल्या वेळात एखाद्या परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली घरांची वायरिंग करता येते, पण 80 टक्के हजेरी भरलीच पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. डिप्लोमात प्रॅक्टिकल, जर्नल आणि सबमिशनमध्ये अख्खा दिवस जातो, तिथे ही सोय जवळपास नाहीच.

आणि फॉर्म भरताना एक बघा. सरकारी आयटीआयमध्येही काही जागा आयएमसी, म्हणजे संस्था व्यवस्थापन समितीच्या, कोट्यातल्या असतात. त्यांची फी बरीच जास्त असते. पर्याय नोंदवताना ते नीट वाचा, जागा मिळाल्यावर कळून उपयोग नाही.

पॉलीवाला_सातारा: कोर्टाचा मुद्दा मान्य, पण हिशोब अर्धाच मांडलात. दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस, आणि हातात 7000. डिप्लोमा तीन वर्षांचा. चौथ्या वर्षी हा पोरगा महिना 8000 वर अ‍ॅप्रेंटिस असेल किंवा थेट ट्रेनी म्हणून कंपनीत असेल. फरक एका वर्षाचा, म्हणजे 84 हजारांचा. त्या 84 हजारांसाठी ज्युनिअर इंजिनिअरचं दार कायमचं बंद करायचं? रेल्वेत जेईला डिप्लोमा लागतो, स्टाफ सिलेक्शनच्या जेई परीक्षेलाही. आयटीआयवर तो फॉर्मच भरता येत नाही. 71 टक्क्यांचा पोरगा आहे, त्याला आयुष्यभर खांबावर चढवायचं ठरवून टाकू नका.

तारजोड: खांबावर चढणं कमीपणाचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मुद्द्याचं बोलतो. "डिप्लोमा तीन वर्षांचा" हे फक्त माहितीपत्रकात. मराठी माध्यमातून आलेला, घरी शिकवणी लावायला पैसे नसलेला पोरगा पहिल्या वर्षाच्या गणितात अडकतो, विषय मागे राहतात, आणि एक इयर डाऊन झाला की तुमचा एका वर्षाचा फरक दोन वर्षांचा होतो. ज्या घरात कमावणारं कोणी नाही, त्या घराला हे वर्ष परवडत नाही.

आणि दार बंद कुठे होतं? दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दोन अधिक दोन, चार वर्षांत दोन्ही कागद हातात. विद्युत सहायकही चालेल, जेईही चालेल.

पॉलीवाला_सातारा: थेट दुसरं वर्ष! तिथे काय होतं तेही सांगा मग. आयटीआयच्या ट्रेड थिअरीत बेरीज-गुणाकाराच्या पुढचं गणित फारसं नसतं. हा पोरगा पहिलं वर्ष न करता तिसऱ्या सेमिस्टरला बसतो, आणि समोर एसी सर्किट्स. इम्पिडन्स काँप्लेक्स नंबरमध्ये, आयताकृतीतून ध्रुवीयमध्ये आणायचा, फेजर काढायचा. पॅनल डोळे झाकून जोडणारी पोरं इथे अडकतात. गणित पहिल्या वर्षी असो की दुसऱ्या, ते टळत नाही.

तारजोड: हे खरं आहे, मान्य करतो. म्हणूनच प्रवेश मिळाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत त्याने फक्त तीन गोष्टी कराव्यात: त्रिकोणमिती, काँप्लेक्स नंबर, आणि कॅल्क्युलेटरवर आयताकृती-ध्रुवीय रूपांतर. मात्र त्या वेळी तो 18 वर्षांचा असेल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर स्वतः जोडलेला असेल. गणित कशासाठी आहे ते त्याला माहीत असेल. 16 व्या वर्षी तेच गणित कोरडं लागतं.

शुभदा_क: तुम्ही दोघंही मूळ गोष्ट सोडताय. पदवी नसेल तर एमपीएससीचा अर्ज भरता येत नाही, बँकेचा नाही. नंतर वय गेल्यावर काय करायचं? साधं बी.कॉम. करावं आणि बाजूला नोकरी करावी. माझ्या चुलतभावाने आयटीआय केलं, आज त्याला कुठलाच फॉर्म भरता येत नाही.

पॉलीवाला_सातारा: ताई, प्रश्न दोन-तीन वर्षांत पैसे कसे येतील हा आहे. बी.कॉम. म्हणजे अकरावीपासून पाच वर्षं, आणि शेवटी हातात विकण्यासारखं कौशल्य नाही. पदवी नंतरही घेता येते. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्याला मुक्त विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो. नोकरी करत बी.ए. होतं आणि त्यावर एमपीएससीचा अर्ज भरता येतो.

तारजोड: तुमच्या चुलतभावालाही वाट आहे, शुभदाताई. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. त्याने विभागीय मंडळात जाऊन चौकशी करावी. त्यानंतर मुक्त विद्यापीठ त्यालाही खुलं आहे.

शुभदा_क: हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगते. तरी माझं मत बदललेलं नाही, पदवी तरुणपणीच झालेली बरी.

चाकण_शिफ्ट: सगळे इथे 7000 आणि 8000 असे बोलताय जणू ते पैसे हमखास येतात. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे काय चाललंय ते बघितलंय का कोणी? इलेक्ट्रिशियनच्या पोराला वर्षभर लाइनवर बोल्ट आवळायला लावतात. पॅनलला हात लावू देत नाहीत. वर्ष संपलं की गेटबाहेर, आत दुसरी बॅच. ही शिकवणी नाही, स्वस्तातली मजुरी आहे. आणि तुम्ही पोराला तिकडेच पाठवताय.

तारजोड: ज्याला तुम्ही अ‍ॅप्रेंटिस म्हणताय तो बऱ्याचदा अ‍ॅप्रेंटिस नसतोच, दलालाने आणलेला "ट्रेनी" असतो. खरं-खोटं ओळखता येतं. apprenticeshipindia.gov.in वर कंपनी आणि पोरगा या दोघांच्या नावाने करार नोंदलेला असतो, त्याला क्रमांक असतो. पोरगा 18 च्या आतला असेल तर करारावर पालकाची सही लागते. अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या अ‍ॅप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही. म्हणून पगारपत्रकावर पीएफची कपात दिसली तर तो अ‍ॅप्रेंटिस नाही, कामगार आहे, आणि त्याने कामगाराचं वेतन मागावं. करारही नाही आणि पीएफही नाही, तर तिथून निघावं. वर्षाच्या शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. करार नोंदलेला नसेल तर परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, ते वर्ष कागदावर शून्य.

चाकण_शिफ्ट: करार नोंदलेला असूनही बोल्टच आवळतात. पोर्टलवर ट्रेड इलेक्ट्रिशियन, प्रत्यक्षात असेंब्ली. तुमचा क्रमांक तिथे काय करणार? तक्रार केली की त्या पोराची हजेरी बिघडते. कागद बघून बोलणाऱ्यांना शॉप फ्लोअर कळत नाही.

तारजोड: शॉप फ्लोअर मला कळतो, आवाज चढवू नका. पण हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडे पक्का तोडगा नाही. निवड मात्र करता येते. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के. त्यामुळे जागा फक्त गाड्यांच्या कारखान्यांतच नाहीत. इलेक्ट्रिशियनने असेंब्ली लाइन सोडून मेंटेनन्स विभाग असलेली जागा बघावी: वीज कंपनी, साखर कारखाना, एसटीची कार्यशाळा, रेल्वे. रेल्वेच्या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस पुरी केली तर लेव्हल-1, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा अशाच उमेदवारांसाठी असतात.

चाकण_शिफ्ट: ठीक आहे, रेल्वेचं पटतं. पण कायम करायची सक्ती कायद्यात कुठेच नाही, हे वर ठळक लिहायला हवं होतं. पोरं त्याच आशेवर वर्ष काढतात.

तारजोड: बरोबर. भरतीचं धोरण कंपनी स्वतः ठरवते, सक्ती नाही. ते मी आधीच लिहायला हवं होतं.

पॉलीवाला_सातारा: आवडीचं वायरिंग तर राहूनच गेलं. आयटीआय झालं की स्वतःचा धंदा, असं कोणी त्याच्या डोक्यात घालू नका. नवीन वीज जोडणीसाठी महावितरणला जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही असते. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे तो परवाना नाही. पोरगा सगळं घर वायर करतो, मेगरने इन्सुलेशन तपासतो, अर्थिंग करतो, आणि सहीसाठी दुसऱ्याला पैसे देतो. ग्राहकही पुढच्या वेळी थेट त्या दुसऱ्याकडेच जातो.

तारजोड: सहमत. म्हणून आयटीआयनंतर तारतंत्री परवान्याचा अर्ज लगेच करावा आणि अनुभवाचा दाखला परवानाधारक ठेकेदाराकडूनच घ्यावा. गल्लीतल्या ओळखीच्या वायरमनचा दाखला चालत नाही. पुढे पर्यवेक्षकाचा परवाना. ठेकेदारीच्या परवान्याला पर्यवेक्षक लागतोच. स्वतः पर्यवेक्षक असला तर दुसऱ्याला पगार द्यावा लागत नाही.

नीराकाठ: सगळ्यांचे आभार. भाच्याने इलेक्ट्रिशियन ट्रेडचा फॉर्म भरायचं ठरवलंय, आयएमसीच्या जागा वगळून. एकच विचारते. दोन वर्षांनी अ‍ॅप्रेंटिस आधी करावी की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला लगेच जावं?

तारजोड: घरी पैसे हवेत, मग आधी अ‍ॅप्रेंटिस.

पॉलीवाला_सातारा: एकदा कमवायला लागलेला पोरगा परत वर्गात बसत नाही. तेवढं एक वर्ष कोणी नातेवाईक घर सांभाळणार असेल तर आधी डिप्लोमा.