मदत हवी आहे: लूप काढून बेलो बसवले, हायड्रो टेस्टला टोकाचा सपोर्टच वाकला

हिंगणेकर

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. बॉयलर हाऊसपासून धुलाई विभागापर्यंत गरम पाण्याची ६ इंची एमएस लाइन आहे. दोन बेंडच्या मध्ये सरळ ८४ मीटर, पाणी ८५ अंशांपर्यंत, प्रेशर ६ किलो. अकरा वर्षं या लाइनच्या मधोमध, गरम पाइपची वाढ सोसायला, एक आडवा यू लूप होता, साडेचार मीटर बाहेर निघालेला. कधी एक थेंब गळला नाही.

दिवाळीनंतर तिथेच लोडिंग बे करायचं ठरलं आणि ट्रकच्या आड येतो म्हणून लूप कापला. त्याच्या जागी सरळ पाइप आणि दोन अ‍ॅक्शियल बेलो, म्हणजे वळ्यावळ्यांचे लवचिक जोड, बसवले, एक बॉयलरपासून २० मीटरवर, दुसरा ६० मीटरवर. बाकी सपोर्ट जुनेच ठेवले. बॉयलरकडे पाइपला हलू न देणारा, आरसीसी पेडेस्टलवर वेल्ड केलेला अँकर आहे. धुलाईकडच्या टोकाला १०० च्या चॅनलचा खांब आणि त्यावर यू-क्लॅम्प.

९ किलोला हायड्रो टेस्ट लावली. साडेसातच्या आसपास कड्‌ आवाज झाला. धुलाईकडचा खांब सव्वा इंच बाहेर कलला आणि दुसरा बेलो ताणून उघडा पडला. फॅब्रिकेटर म्हणतो बेलो खराब, बेलोवाला म्हणतो फिटिंग खराब. दोघांच्या मध्ये मी उभा. जो क्लॅम्प अकरा वर्षं टिकला तो त्याच प्रेशरच्या आसपास आता का वाकावा, हेच डोक्यात बसून नाही राहिलं.

वेल्डरदादा

भाऊ, बेलोसोबत तीन-चार लांब रॉड आले असतील. ते टेस्टच्या आधी कोणी काढले? रॉड ठेवले असते तर बेलो ताणलाच नसता. परत लावा, बाहेरून नट कसा आणि तसेच राहू द्या. पाइप गरम झाला की बेलो आत दबेल, रॉडचं काही अडत नाही. खांबाला हात लावायची गरज नाही.

मनीषनगरकर

माझंही हेच होऊन राहिलं! गच्चीवर सोलर आहे, खाली बाथरूमपर्यंत सीपीव्हीसी पाइप. दर उन्हाळ्यात एल्बोपाशी चीर जाते. प्लंबर दर वेळी नवीन एल्बो चिकटवून पैसे घेऊन जातो. मी पण बेलो लावू का?

पेन्शनरपाइप

मनीषनगरकर, तुमचं दुखणं वेगळं आहे. सीपीव्हीसी लोखंडाच्या पाचपट तरी वाढतो. तुमचा प्लंबर भिंतीवर दर दोन फुटांवर क्लिप ठोकून पाइप आवळतो आणि एल्बोला सगळं सोसावं लागतं. एल्बोजवळच्या दोन क्लिप सैल करा, जमल्यास पाइपला एक वळसा घाला. बेलो नको.

आता हिंगणेकर. कोराडीत पाइपिंगमध्येच नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा क्लॅम्प अकरा वर्षं टिकला कारण त्याच्यावर पाण्याच्या प्रेशरचा भार कधी आलाच नव्हता. बेंडवर पाणी आतून बाहेर ढकलतं, पण अखंड पाइप असला की ती ओढ पाइपच्याच भिंतीतून मागे जाते. लूपसुद्धा अखंड लोखंडच. क्लॅम्पकडे यायची ती फक्त लूप दाबण्याची ताकद आणि सपोर्टवरचं घर्षण. बेलो लावला म्हणजे तुम्ही ती भिंत कापून मध्ये हार्मोनियमचा भाता बसवला. भाता ओढ धरत नाही, प्रेशर आलं की तो लांब व्हायला बघतो. त्याला लांब होऊ न देण्याचं काम आता दोन टोकांच्या अँकरचं.

किती ते बघा. बेलोच्या कॅटलॉगमध्ये इफेक्टिव्ह एरिया दिलेला असतो. पाइपच्या बोअरचा एरिया घेऊ नका, वळ्यांच्या मध्यावरचा घ्यायचा. ६ इंची बेलोला मध्यव्यास १९० मिमी धरला तर सुमारे २८३ चौ. सेंमी. गुणिले ६ किलो, म्हणजे १,७०० किलो. टेस्टच्या ९ किलोला २,५५० किलो. तुमचा खांब साडेसातला, म्हणजे २,१०० च्या आसपास गेला. यू-क्लॅम्पने एवढा तग धरला हेच पुष्कळ. बेलोत दोष नाही.

वेल्डरदादा अर्धं बरोबर बोलले. टेस्टला रॉड असते तर बेलो ताणला नसता. पण 'तसेच राहू द्या' यात गफलत आहे. गरम झाल्यावर पाइप बेलोला आत दाबतो तेव्हा रॉडचे नट सुटे पडतात, आणि नट सुटा पडला की १,७०० किलो पुन्हा अँकरवरच. रॉडने अँकरची सुट्टी होत नाही. आणि आत-बाहेर दोन्हीकडून नट कसले असते तर बेलो आणि साधा पाइप यात फरक उरला नसता.

हिंगणेकर

काका, आत्ता उजेड पडला! एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. टेस्टनंतर खांब जॅकने सरळ केला, तिरका टेकू दिला आणि दोन दिवस लाइन ३ किलोवर चालवली. त्याआधी दोन्ही बेलोंवर खडूच्या खुणा करून ठेवल्या होत्या. सुरुवातीला पाइप ३० अंश, नंतर ८०. पहिला बेलो ३८ मिमी दबला, दुसरा फक्त ६. प्लेटवर दोघांवर दबायची हद्द ४० मिमी आणि ताणायची १० मिमी असं लिहिलंय. पहिल्याच्या वळ्या जवळजवळ चिकटल्यात. यात काही गडबड आहे का?

डिझाइनवाली

हो, आणि तुमच्या खडूनेच ती पकडली आहे. लोखंड मीटरमागे दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. ८४ मीटर, ५० अंशांचा फरक, म्हणजे ५० मिमी वाढ. तुमचे ३८ आणि ६ मिळून ४४ होतात. उरलेले ६ मिमी कुठे गेले? टेकू दिलेला खांब तेवढा सरकला असणार. खांबाच्या पायथ्याशी बेसप्लेट आणि काँक्रीटमध्ये फट दिसते का बघा.

दुसरी चूक म्हणजे दोन बेलोंच्या मध्ये अँकर नाही. मधल्या ४० मीटर पाइपवर दोन्ही बाजूंनी सारखाच प्रेशर असल्यामुळे त्याला जागेवर धरणारं कोणी नाही. ज्या बाजूला घर्षण थोडं कमी किंवा बेलो थोडा मऊ, तिकडे तो सरकतो आणि एकाच बेलोचा घास घेतो. दोन अँकरच्या मध्ये एकच बेलो, हा नियम म्हणूनच आहे. मध्यावर, ४२ मीटरवर अँकर द्या. त्याला प्रेशरचा पूर्ण भार येत नाही, दोन्ही बाजूंचा परस्पर कटतो. मात्र त्या टप्प्यात कुठे बंद होणारा व्हॉल्व्ह असेल तर हा मधला अँकरही पूर्ण भारासाठीच करावा लागेल.

हिंगणेकर

ताई, बरोबर निघालं. बेसप्लेटखाली पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे, दोन फाउंडेशन बोल्ट हातानं हलतात. मध्ये व्हॉल्व्ह नाही. मग टोकाचा अँकर किती टनाचा करू? बाजूलाच शेडची विटांची भिंत आहे, तिला टेकवला तर?

पेन्शनरपाइप

विटांच्या भिंतीचं नावही काढू नका. आडवा तीन टन भार भिंतीला पेलवत नाही.

हिशेब असा. चालू असताना प्रेशरचे १,७००. त्यात बेलो दाबायला लागणारी ताकद, ती कॅटलॉगमधल्या स्प्रिंग रेटला दबलेल्या मिलिमीटरने गुणून काढा, साधारण पाचशे किलो धरा. मग घर्षण. पाइप, पाणी आणि इन्सुलेशन मिळून मीटरला ५४ किलोच्या आसपास, ४२ मीटरचे २,२७०, लोखंडावर लोखंड घासतं म्हणून त्याचा ०.३ भाग, सुमारे ६८०. बेरीज २,९०० जवळ. मी साडेतीन टनासाठी करेन. एक उभा चॅनल सोडून द्या. दोन चॅनल जोडून पेटी, लाइनच्या दिशेनं तिरका ब्रेस, खाली नवीन आरसीसी ब्लॉक, आणि क्लॅम्पऐवजी पाइपला वेल्ड केलेला शू.

गाइड, म्हणजे पाइपला फक्त सरळ रेषेत सरकू देणारे सपोर्ट, आहेत का? बेलोपासून पहिला गाइड चार व्यासांच्या आत, दुसरा तिथून पुढे चौदा व्यासांच्या आत. तुमच्यासाठी ६०० मिमी आणि मग २,१०० मिमी धरा. गाइड नसले तर दबलेला बेलो सापासारखा बाजूला वाकतो. शक्य असेल तर बेलो अँकरला लागूनच हलवा, म्हणजे एका बाजूचे गाइड वाचतात.

वेल्डरदादा

मान्य काका, नटाचं माझ्या ध्यानात नाही आलं. पण एक सांगतो, आम्ही एका साइटवर काहीच न लावता दोन्ही टोकं कचकून फिक्स केली होती. ३० मीटरच होती. चालली की.

डिझाइनवाली

दादा, लांबी कमी म्हणून ताकद कमी होत नाही. दोन्ही टोकं खरोखर पक्की असतील तर ७५ अंशांच्या फरकाला या ६ इंची पाइपमध्ये ६० टनांच्या वर दाब येतो, मग लाइन ३० मीटर असो की ३०० मीटर. तुमची चालली म्हणजे टोकं थोडी सरकली असतील किंवा पाइप मध्ये वाकून बसला असेल. डोळा लावून बघा, सरळ दिसतो का.

हिंगणेकर, खरं विचाराल तर मी लूपच परत मागेन. मधला अँकर दिल्यावर प्रत्येक ४२ मीटरला १० ते ८५ अंशांत ३८ मिमी सोसायचे, त्याला प्रत्येकी एक लूप, पाय साडेतीन मीटर. साडेचारचा एक मोठा लूप नको. किंवा लोडिंग बेवरून लाइन उभी चढवून पलीकडे उतरवा, गेटच्या कमानीसारखी. ट्रकही जाईल आणि तोच लूप होईल. फक्त वर एअर व्हेंट हवा, नाहीतर हवा अडकून पाणी चालायचं नाही. टोकाचा खांब मग साडेतीन टनाचा करावा लागत नाही.

पेन्शनरपाइप

कमानीचं मला तितकंसं पटत नाही. ट्रक एकदा धडकला की गरम पाणी ड्रायव्हरच्या टपावर. गार्ड बीम लावणार असाल तरच. बेलो ठेवणार असाल तर नागपूरच्या हवेचं भान ठेवा. मेच्या शटडाउनमध्ये ४५ अंशांवर मोकळ्या लांबीला बसवलेत, तर जानेवारीच्या रात्री १० अंशांवर बंद लाइन प्रत्येक बेलोला १८ मिमी ओढेल. ताण १० चाच आहे. तेव्हा मेमध्ये बसवताना १० मिमी दाबूनच बसवा. मग थंडीत ८ ने ताणेल, गरम झाल्यावर ३० पर्यंत दबेल, दोन्ही हद्दीत.

हिंगणेकर

मॅनेजमेंटसमोर दोन्ही स्केच ठेवतो. कमानीला गार्ड बीमचा खर्च धरला तर आरसीसी ब्लॉकच्या जवळच जातो, त्यामुळे काय ठरेल सांगता येत नाही. तोवर लाइन बंद. एकच विचारायचं राहिलं, चिकटलेला पहिला बेलो परत वापरू का? बाहेरून चीर दिसत नाही.

पेन्शनरपाइप

प्रेशर सोडून, गार झाल्यावर त्याची लांबी मोजा. डिलिव्हरी चलनावरच्या लांबीइतकी परत आली तर बारीक चीर शोधायला एकदा डाय पेनिट्रंट लावून बघता येईल. कमी भरली तर वळ्यांनी कायमचा वाक घेतलाय. ताणलेल्या दुसऱ्याचं मात्र मी विचारतही नाही, तो भंगारात.

हिंगणेकर

मोजली. चलनावर २६० आहे, भरली २५१. फॅब्रिकेटर म्हणतोय नऊ मिमीनं काय होते बे.