प्रतिसाद: अर्धवर्तुळच का, घंटाकृती का नाही?

"मोठ्या सममित मॅट्रिक्समध्ये एवढे सगळे रँडम आकडे, मग आयगेनव्हॅल्यूंचा आलेख अर्धवर्तुळासारखा का येतो, बेल कर्व्हसारखा का येत नाही?"

कारण इथे बेरजा नाही, फेऱ्या मोजाव्या लागतात. n×n सममित मॅट्रिक्समध्ये +1 किंवा −1 नाणेफेकीने भरा (भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नरने 1955 मध्ये अशाच ±1 मॅट्रिक्स घेतल्या होत्या) आणि √n ने भागा; ही झाली मॅट्रिक्स A. आयगेनव्हॅल्यूंच्या चौथ्या घाताची सरासरी म्हणजे A^4 चा ट्रेस भागिले n. ट्रेस उलगडला की i→j→k→l→i अशा बंद फेऱ्या मिळतात; फेरीतली प्रत्येक पायरी, म्हणजे i-j सारखी कडा, हा मॅट्रिक्समधला एक आकडा. ज्या फेरीत एखादी कडा एकदाच येते, तिची सरासरी शून्य. म्हणून प्रत्येक कडा किमान दोनदा हवी. n मोठा असताना टिकतात फक्त दोन प्रकार: i-j-i-l-i आणि i-j-k-j-i. पहिली कडा तिसरीशी आणि दुसरी चौथीशी जुळवली, तर फेरी i-j-i-j-i होते. तिच्यात मोकळे बिंदू तीनऐवजी दोनच उरतात, त्यामुळे तिचा वाटा 1/n पट होतो. म्हणून उत्तर 2. बेल कर्व्हमध्ये तिन्ही जोड्या मोजल्या जातात, तिथे 3 येतात. सहाव्या घाताला 15 ऐवजी 5. हे 1, 2, 5, 14 म्हणजे कॅटलान संख्या, आणि −2 ते 2 वरच्या अर्धवर्तुळाचे सम मोमेंट, म्हणजे सम घातांच्या सरासऱ्या, नेमके हेच. (काटेकोरपणे ते अर्धलंबवर्तुळ आहे, पण नाव पडलं ते पडलं.)

करून बघताना एक फसगत होते: ±1 ऐवजी 0/1 भरलेत तर सरासरी शून्य राहत नाही. n = 1000 ला, न भागता, एक आयगेनव्हॅल्यू एकटीच 500 च्या आसपास जाऊन बसते; बाकीच्या साधारण ±32 मध्ये अर्धवर्तुळातच राहतात. हिस्टोग्राम एका रेघेसारखा दिसला तर ती एक आयगेनव्हॅल्यू वगळून तो पुन्हा काढा.